पाटल्या, बोरमाळ आणि टंच

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मी कवितेचा माणूस. सोन्याशी माझा संबंध आला तो शब्दांतूनच. माणूस कसाला लागतो, मैत्रीची कसोटी लागते, नावाला बट्टा लागतो, एखाद्याचा स्वभाव बावनकशी असतो. हे सगळे शब्द आपल्या भाषेत सोनाराच्या दुकानातून आले आहेत आणि मी ते तीस वर्षे बिनदिक्कत वापरत आलो. पण कसोटी म्हणजे काळ्या दगडाचा एक साधा तुकडा असतो, त्यावर दागिना घासतात आणि उमटलेल्या रेघेवरून भाव ठरतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते अगदी अलीकडे, २०२५ च्या उन्हाळ्यात. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तिच्या जावयाची बायपास ठरली होती. दवाखान्याने साडेतीन लाखांचा अंदाज दिला. आपा काही बोलली नाही. तिने कपाटातून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि मला म्हणाली, “भाई, तू शिकलेला आहेस. माझ्याबरोबर चल. मला एकटीला फसवतील.”

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. फसवणूक ओळखण्याइतके माझे शिक्षण झालेले नव्हते, हे मला पहिल्याच दुकानात कळले. पण पुढच्या दोन दिवसांत जे पाहिले आणि विचारून विचारून समजून घेतले, ते आज आपल्याला सांगतो.

पुरचुंडीत दोन पाटल्या होत्या आणि एक बोरमाळ. आमच्या आईने हे सगळे एका कागदावर लिहून ठेवले होते: “पाटल्या जोडी, साडेतीन तोळ्यांस किंचित कमी.” दुकानातल्या काट्यावर पाटल्या ठेवल्या तर आकडा आला ४०.०० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, “चार तोळे.” आपाचा चेहरा खुलला. तिला वाटले, इतकी वर्षे कपाटात राहून सोने वाढले! वाढले काहीच नव्हते. जुना तोळा बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आता बाजारात सोयीसाठी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. ४० ग्रॅमला ११.६६ ने भागा, आईचा कागद बरोबर निघतो. तेव्हा पहिली गोष्ट ही की सोने विकायला निघाल्यावर तोळ्याची भाषा घरी ठेवावी आणि फक्त ग्रॅममध्ये बोलावे.

त्या दिवसांत चोख सोन्याचा, म्हणजे चोवीस कॅरटचा, भाव ग्रॅमला दहा हजार रुपयांच्या आसपास होता. हिशेब सोपा राहावा म्हणून मी सगळीकडे पुरते दहा हजारच धरतो. आपण आपल्या दिवसाचा भाव घालून बघावा, गणिताची रीत तीच राहते.

पहिल्या दुकानदाराने कसोटी काढली. पाटलीची कड दगडावर घासली, शेजारी आपल्याजवळच्या, कस ठाऊक असलेल्या सळईची रेघ ओढली, वर तेजाबाचा थेंब टाकला. सोने कमी असलेली रेघ तेजाबाने फिकी पडते, चांगल्या सोन्याची टिकते. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “वीस कॅरटच्याही आत आहे. त्र्याऐंशी टंच धरू. आणि पाच टक्के घट.”

इथे दोन शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण सगळा व्यवहार त्यांच्यावर फिरतो. टंच म्हणजे शंभर भागांत चोख सोने किती भाग. बावीस कॅरट म्हणजे चोविसातले बावीस, शंभरात ९१.६. म्हणून हॉलमार्कच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. आणि घट म्हणजे दागिना आटवल्यावर वजनात जी तूट येते ती. टंच सोन्याच्या गुणाविषयी बोलतो, घट वजनाविषयी. दुकानदार हे दोन्ही एका श्वासात सांगतो आणि आपण दोन्हींना मान डोलावतो.

त्याचा हिशेब असा होता. चाळीस ग्रॅममधून पाच टक्के घट गेली, उरले ३८. त्याचे त्र्याऐंशी टक्के म्हणजे ३१.५४ ग्रॅम चोख. दहा हजारांनी गुणून ३,१५,४०० रुपये. बोरमाळेला त्याने हातातच घेतले नाही, नुसती तोलली. १८.५० ग्रॅम भरली. “अर्धी लाख,” तो म्हणाला. लाख म्हणजे रुपये नव्हेत, मण्यांच्या पोटात भरतात ती लाख. मग उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा पाच टक्के घट, पुन्हा त्र्याऐंशी टंच, आणि ७२,९०० रुपये. दोन्ही मिळून तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. म्हणजे आपाची गरज भागायची तर दोन्ही डाग मोडायला हवे होते. एकट्या पाटल्यांत साडेतीन लाख होत नव्हते.

आपा लगेच तयार झाली. मला मात्र एक गोष्ट खटकली आणि ती कवीलाच खटकेल अशी होती. तो प्रत्येक आकडा ‘धरू’ म्हणत होता. त्र्याऐंशी धरू, अर्धी धरू, पाच टक्के धरू. मोजले काहीच नव्हते. मोजले होते फक्त वजन.

कसोटीला मी नावे ठेवत नाही. पिढीजात सोनाराची नजर तयार असेल तर त्या दगडावर तो एक-दोन टक्क्यांच्या फरकाने टंच सांगू शकतो. पण हे एक-दोन टक्के कुठल्या बाजूला पडतात हे त्याच्या नजरेइतकेच त्याच्या नियतीवरही असते. शिवाय दगडावर दागिन्याची फक्त वरची कड घासली जाते. आत काय आहे ते दगडाला कळत नाही.

आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे काचेच्या पेटीसारखे यंत्र होते, बाजारात त्याला कॅरट मीटर म्हणतात. दागिना आत ठेवला की त्यावर क्ष-किरण पडतात, त्या दागिन्यातला प्रत्येक धातू आपापल्या ओळखीचे किरण परत फेकतो, आणि पडद्यावर आकडे येतात: सोने इतके, चांदी इतकी, तांबे इतके. दागिना झिजत नाही, तुटत नाही, मिनिटभरात काम होते. पण यालाही वरचेच दिसते. किरण सोन्यात शिरतात ते केसाच्या जाडीच्या काही अंशाइतकेच. वर मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचेच कौतुक करते, मळ असेल तर उगाच कमी सांगते. म्हणून दागिना स्वच्छ पुसून, एकाहून अधिक जागी मोजायचा असतो.

तिथल्या पोराने एका पाटलीवर तीन जागा मोजल्या. मधोमध आले ९०.८. कडेला ८८.३. आणि सांध्याजवळ ८२.५. आपा घाबरली, “मिलावट आहे का रे?” मिलावट नव्हती. दागिन्याचे दोन तुकडे जोडायला जे झाळण लागते ते मूळ सोन्याच्या आधी वितळले पाहिजे, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळेल. म्हणून झाळणात तांबे, चांदी, जस्त असे मिसळावेच लागते. काही काळ कॅडमियम घालत, त्यालाच ‘केडीएम’ म्हणत आणि मोठ्या कौतुकाने पाटीवर लिहीत. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक म्हणून ते मागे पडले. तर सांध्यापाशी टंच कमी असणे हे जुन्या दागिन्याचे लक्षणच आहे, दोष नव्हे.

पण पोराने केले काय, तर तीन आकड्यांची बेरीज करून तिनाने भागले. आले ८७.२. वरवर न्याय्य वाटते. जरा विचार केला की कळते, पाटलीचा सांधा नखाएवढा आणि बाकीची पाटली वीतभर. या सरासरीत मात्र सांध्याला तिसरा हिस्सा मिळाला. हे लबाडीने झाले असे मी म्हणणार नाही, पोराला तसेच शिकवले होते. त्याने घट काही कापली नाही, भाव मात्र ९,८०० लावला. चाळीस ग्रॅमचे ८७.२ टक्के म्हणजे ३४.८८ ग्रॅम, आणि रुपये झाले ३,४१,८२४. एका रस्त्यावरच्या दोन दुकानांत सव्वीस हजारांचा फरक, त्याच पाटल्यांना, त्याच दुपारी.

त्या रात्री मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो खानापूर तालुक्यातला, विट्याकडचा. सांगली जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते की विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे गेल्या कित्येक पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी आटवण्याचे आणि शुद्ध करण्याचे काम करतात. त्यांना गलाईवाले म्हणतात. केरळात जा, बंगालात जा, सराफ कट्ट्यामागच्या बोळात भट्टीपाशी मराठी ऐकू येते ते यांचेच. या मुलाचे वडील त्या धंद्यात आयुष्य घालवून गावी परतले होते. त्यांनी फोनवर मला जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले.

ते म्हणाले, “गुरुजी, एक ध्यानात ठेवा. भट्टीत सोनं मरत नाही. सोनं वितळतं हजार-साठच्या पुढं, पण त्याची वाफ व्हायला अठ्ठावीसशे डिग्री लागतात. तेवढी आमची भट्टी तापतच नाही. जळतं ते बाकीचं. लाख जळते, मळ जळतो, झाळणातलं जस्त उडतं. घट आली म्हणजे सोनं गेलं असं नाही. कचरा गेला. आणि कचरा गेला तर उरलेल्याचा टंच वर चढलाच पाहिजे.”

हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतले, कारण जुने सोने विकण्याची सगळी किल्ली त्यात आहे. दागिन्यात चोख सोने जितके होते तितकेच लगडीत राहते. वजन उतरले तर टंच चढतो, दोन्हींचा गुणाकार कायम. म्हणून दुकानदाराने घट कापायची असेल तर टंच आटवल्यानंतरच्या लगडीचा धरला पाहिजे. आटवण्यापूर्वीचा टंच धरायचा असेल तर घट कापता येत नाही. दोन्ही कापणे म्हणजे एकाच कचऱ्याचे पैसे दोनदा घेणे. पहिल्या दुकानात नेमके तेच चालले होते: दागिन्याचा टंच कसोटीवर, आणि त्यावर पाच टक्के घट वेगळी.

उरला प्रश्न सोन्याच्या त्या बारीक कणांचा, जे मुशीच्या भिंतीला चिकटतात किंवा कापताना खाली सांडतात. ते थोडे असतात, पण वाऱ्यावर जात नाहीत. आपल्याकडे झारेकरी म्हणून लोक होते, सोनारांच्या दुकानातली राख आणि केर विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोने काढून पोट भरणारे. केरावर माणसे जगत होती, यातच सगळे आले. म्हणून आटणी डोळ्यांसमोर करून घ्यावी आणि मूस खरवडून झाल्यावरच लगड तोलायला सांगावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांनी सुचवलेल्या तिसऱ्या पेढीवर गेलो, जिथे भट्टी दुकानातच काचेमागे होती. आटवण्याआधी मी तीन गोष्टी बोलून घेतल्या. एक, भाव कोणता आणि तो चोखाचा की बावीस कॅरटचा. दोन, लगडीचा टंच कसा मोजणार. तीन, टंच पटला नाही तर आटणीची मजुरी देऊन लगड आम्ही परत नेऊ. या तिसऱ्या अटीचे महत्त्व मोठे आहे. पाटली एकदा मुशीत गेली की पाटली परत मिळत नाही, आणि बहुतेक माणसे तिथेच हार मानतात, आता कुठे जायचे म्हणून. पण लगड ही कुठल्याही दुकानात नेता येते. उलट तिच्यात सांधा नाही, मुलामा नाही, लाख नाही, सगळे एकजीव, म्हणून तिचा टंच कुणालाही बिनचूक मोजता येतो.

पहिल्या गोष्टीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण इथे रक्कम मोठी असते. टंचाने वजन गुणले की आपल्या हातात चोख सोन्याचा आकडा येतो. त्याला चोखाचाच भाव लावायचा. काही ठिकाणी त्याला बावीस कॅरटचा भाव लावतात आणि सांगतात, “दागिना बावीसचा, मग भाव बावीसचाच ना?” ऐकायला बरोबर, पण बावीस कॅरटच्या भावात तांब्या-चांदीची वजावट आधीच झालेली असते, आणि टंचाने गुणून आपण ती पुन्हा करतो. दहा हजारांऐवजी नऊ हजार एकशे सदुसष्ट. आपाच्या पाटल्यांवर एवढ्याने तीस हजारांची खोट आली असती.

तिसऱ्या पेढीने सांगितले, भाव चोखाचा, दुकानातल्या भावाहून एक टक्का कमी, म्हणजे ९,९००. तो एक टक्का त्यांचा नफा. मला ते आवडले. नफा उघड सांगितला की वजनात आणि टंचात लपवावा लागत नाही.

पाटल्या मुशीत गेल्या. कारागिराने वर टाकणखाराची चिमूट टाकली, तिने मळ एका बाजूला निघतो. पाच-सात मिनिटांत दोन पाटल्यांचा एक लालभडक थेंब झाला. आपा काचेपाशी उभी होती. तिचे लग्न १९८५ चे. मी तिच्याकडे बघितले नाही. थंड झालेली लगड ब्रशने घासून काट्यावर आली: ३९.६० ग्रॅम. चाळीसातून चाळीस सेंटिग्रॅम गेले, म्हणजे एक टक्का. भरीव पाटल्यांना इतकीच घट असते. पाच टक्के नव्हे. मग लगडीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू यंत्रात धरल्या, ८९.३ आणि ८९.५. आम्ही ८९.४ मान्य केले. ३९.६० चे ८९.४ टक्के म्हणजे ३५.४० ग्रॅम चोख. गुणिले ९,९००, झाले ३,५०,४६० रुपये.

आता हे मागे नेऊन पाहा. ३५.४० ला मूळच्या चाळीसने भागले तर साडेअठ्ठ्याऐंशी येतात. म्हणजे पाटल्यांचा खरा टंच, सांधा, मळ सगळे धरून, साडेअठ्ठ्याऐंशी होता. कसोटीवाला साडेपाच टक्के खाली, तीन जागांच्या सरासरीवाला सव्वा टक्का खाली. आणि समजा तिसऱ्या पेढीने आटवल्यावरचे वजन ३९.६० धरून टंच मात्र आधीचा साडेअठ्ठ्याऐंशी लावला असता, तर साडेतीन हजार रुपये गुपचूप गेले असते. भरीव डागात हा खेळ हजारांत राहतो, लाखेच्या डागात फार मोठा होतो.

लाखेच्या डागाविषयी सांगतो. बोरमाळेचा मणी म्हणजे बोराच्या आकाराचा सोन्याचा पातळ पत्रा आणि आत भरलेली लाख. ती नसती तर मणी बोटाने चेपला असता. कोल्हापुरी साजातही अशी भरण असते. असा डाग तोलला की काटा लाखही सोन्यासारखीच मोजतो. आईच्या कागदावर बोरमाळ “दीड तोळ्यावर” लिहिली होती, आपाने आयुष्यभर ते सगळे सोनेच समजले होते. इथे दुकानदाराने वजन कापले तर तो फसवतो असे नाही, कापावेच लागते. प्रश्न इतकाच की किती. आणि ‘अर्धी धरू’ हे उत्तर नव्हे.

गलाईवाल्या काकांनी यावर एक सोपी युक्ती सांगितली होती. बोरमाळेचे मणी सगळे सारखे असतात, मग सगळी माळ कशाला मोडायची? पाटल्या आटवण्याआधी आम्ही तेच केले होते. माळ सोडली. गोंडा आणि दोरा यांचेच ०.९० ग्रॅम निघाले, तेही पहिल्या दुकानाने लाखेत आणि घटीत जिरवले होते. मणी चव्वेचाळीस, वजन १७.६०, म्हणजे प्रत्येकी ०.४० ग्रॅम. त्यातले चार काढले, एकूण १.६० ग्रॅम. ते आटवले तर ०.८४ ग्रॅमची छोटीशी गोळी हाती आली, टंच ९०. म्हणजे मण्याच्या वजनात साडेबावन्न टक्के सोने, बाकी लाख. हाच हिशेब चव्वेचाळीस मण्यांना लावला: १७.६० चे साडेबावन्न टक्के ९.२४, त्याचे नव्वद टक्के ८.३२ ग्रॅम चोख, म्हणजे ब्याऐंशी हजारांच्या वर. पहिल्या दुकानाचे ७२,९०० होते. चार मणी घ्यायचे कारण हे की एकाच मण्यात काट्याची बारीकशी चूकही मोठी दिसते, चारांत ती विरते. दागिन्यात खडे असतील तर ही युक्ती चालत नाही. मग खडे आधी काढून, आपल्या ताब्यात घेऊन, त्यानंतरच तोलावे.

आम्ही एक गोष्ट केली नाही, ती पुन्हा वेळ आली तर करीन. भारतीय मानक ब्यूरोने मान्यता दिलेली तपासणी आणि हॉलमार्किंग केंद्रे असतात. तिथे सामान्य माणसालाही आपले बिनहॉलमार्कचे दागिने तपासून मिळतात. २०२३ साली सरकारने सांगितलेला दर चार नगांपर्यंत दोनशे रुपये होता. दुकानाचा कोणताही स्वार्थ नसलेला एक आकडा खिशात घेऊन गेलो असतो तर पहिल्या दुकानात पाच मिनिटेही बसलो नसतो. अचूकपणाची परमावधी हवी तर अशा केंद्रांत सोन्याची अक्षरशः अग्निपरीक्षा होते. पाव ग्रॅमच्या आसपास तुकडा कापतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि छिद्राळ वाटीत, पूर्वी ती हाडांच्या राखेची असे, हजाराहून अधिक अंशांवर तापवतात. शिसे तांब्याला आणि इतर हलक्या धातूंना घेऊन वाटीतच मुरते. उरलेला मणी ठोकून, नायट्रिक आम्लात उकळून चांदीही काढून टाकतात. शेवटी जे राहते ते निव्वळ सोने. ते तोलून मूळ तुकड्याशी भाग दिला की टंच. याला काही तास लागतात आणि थोडे सोने कापावे लागते, म्हणून चार तोळ्यांच्या डागाला कुणी सहसा करत नाही. वाद पडला तर मात्र शेवटचा शब्द याचाच.

ज्यांच्या दागिन्यांवर हॉलमार्क आहे त्यांचे काम सोपे. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो, आणि ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो घातला की दागिन्याची शुद्धता दिसते. तो ९१६ निघाला तर टंचाविषयी घासाघीस करायचे कारणच उरत नाही. आपल्या जुन्या डागावर काहीच नसले तरी तो विकायला कायद्याची आडकाठी नाही. हॉलमार्कचे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे, घरातल्या बाईवर नाही.

कुणी जीएसटी कापतो म्हणाला तर तेही मान्य करू नये. सोने विकत घेताना आपण तीन टक्के भरतो हे खरे, पण घरचे जुने दागिने विकणे हा व्यापार नव्हे आणि त्यावर हा कर लागत नाही, असा खुलासा सरकारने जुलै २०१७ मध्येच केला आहे. आणि “विकू नका, बदलून घ्या, शंभर टक्के भाव देतो” असे कुणी म्हणाले तर नव्या दागिन्याची घडणावळ आधी विचारावी. जुन्यावर सोडलेला एक टक्का नव्याच्या मजुरीत अनेक पटींनी वसूल होतो. शिवाय आपाला दागिना नको होता, दवाखान्याचे पैसे हवे होते.

तुलना करताना मी शेवटी एकच आकडा धरला. टंच, घट, भाव, बट्टा, प्रत्येक दुकान यातले एक गोड करून दुसरे कडू करते. म्हणून प्रत्येकाला एकच विचारायचे: “या दोन पाटल्यांचे माझ्या हातात किती?” आणि त्या रकमेला आपण घरून आणलेल्या वजनाने भागायचे. पहिले दुकान ग्रॅमला ७,८८५. दुसरे ८,५४६. तिसरे ८,७६१. एवढे पुरे. मात्र तिन्ही चौकश्या एकाच भावावर व्हायला हव्यात. आमचा पहिला दिवस आणि दुसरा दिवस यांत भाव फारसा हलला नव्हता म्हणून बरे, एरवी कालच्या दुकानाची तुलना आजच्याशी करणे चुकीचे.

पैसे बँकेत जमा करून घेतले. रोख मागू नये, आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रोखीने घेणे कायद्यानेच मना आहे. आधार आणि पॅन दोन्ही लागले. पावतीवर मी मूळ वजन, लगडीचे वजन, टंच आणि भाव असे चारही आकडे लिहून घेतले. वारशाच्या सोन्यावर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो, त्या वेळी ही पावती हाताशी लागते.

साडेतीन लाख एकट्या पाटल्यांत झाले. बोरमाळ मोडावी लागली नाही. मण्यांची ती छोटी गोळी आपाने रुमालाच्या गाठीत बांधली आणि चाळीस मणी घेऊन आम्ही पटवेकऱ्याकडे गेलो. त्याने विचारले, “मावशी, चार मणी कमी भरतात, दोरा आखूड करू का?” आपा म्हणाली, “कर. नातीच्या गळ्यात तेवढीच बरी दिसेल.”